विश्लेषण : थायरॉइडसाठी सेलेनियम, व्हिटॅमिन डी आणि लोह... कोणते दावे पुराव्यावर टिकतात?

रक्ततपासणीत ‘अँटी-टीपीओ’ या ओळीसमोर भलामोठा आकडा आला, की अनेक जणी आधी मोबाइल उघडतात. तिथे उत्तर तयार असते. सेलेनियम घ्या, व्हिटॅमिन डी वाढवा, लोहाची कमतरता भरून काढा, अँटीबॉडी कमी होतील आणि कदाचित थायरॉक्सिनची गोळीही सुटेल. हे तिन्ही सल्ले एकाच यादीत येतात, म्हणून त्यांचा पुरावाही सारख्याच तोलाचा असेल असे वाटते. प्रत्यक्षात तो तसा नाही. एकाचा गाजावाजा पुराव्यापेक्षा मोठा आहे, दुसऱ्यात कारण आणि परिणाम यांची सरमिसळ झाली आहे. तिसरा अनेकींना खरोखर लागतो, पण चुकीच्या वेळी घेतला तर थायरॉइडचेच उपचार बिघडवतो.

अँटीबॉडी कमी होणे म्हणजे आजार कमी होणे का?

हाशिमोटो या आजारात शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा स्वतःच्याच थायरॉइड ग्रंथीवर हल्ला करते. जपानी शल्यविशारद हाकारू हाशिमोटो यांनी १९१२ मध्ये त्याचे वर्णन केले. ग्रंथीत संप्रेरक तयार करणारे ‘थायरॉइड पेरॉक्सिडेज’ म्हणजेच टीपीओ नावाचे एन्झाइम असते. त्याच्या विरोधात रक्तात सापडणाऱ्या प्रतिपिंडांना अँटी-टीपीओ म्हणतात. हल्ला सुरू असल्याची ती खूण आहे. मात्र आकडा १३०० असलेल्या महिलेला ३०० असलेल्या महिलेपेक्षा चौपट त्रास होतो, असे नसते. इंग्लंडमधील व्हिकम येथे लोकांचा वीस वर्षे पाठपुरावा करण्यात आला. त्यात केवळ अँटीबॉडी असलेल्या आणि टीएसएच सामान्य असलेल्या शंभर महिलांपैकी वर्षाला साधारण दोघींनाच हायपोथायरॉइडिझम झाला. टीएसएचही वाढलेले असेल तर हे प्रमाण चारपर्यंत जाते.

थायरॉक्सिनची मात्रा ठरते ती टीएसएच आणि गरजेनुसार टी-४ पाहून. अँटीबॉडीचा आकडा पाहून ती ठरत नाही. निदान एकदा पक्के झाले, की ही तपासणी दर तीन महिन्यांनी करून उपचारात काहीच बदलत नाही, खर्च तेवढा होतो. म्हणून कोणतेही पूरक ‘अँटीबॉडी घटवते’ असे सांगितले गेले, तर पुढचे प्रश्न विचारायला हवेत. थकवा कमी झाला का? गोळीची मात्रा उतरली का? हायपोथायरॉइडिझम टळला का?

सेलेनियमचा दावा आला कुठून?

शरीरात सेलेनियम अगदी सूक्ष्म प्रमाणात लागते. भारतीय शिफारशींनुसार प्रौढ व्यक्तीला दिवसाला सुमारे ४० मायक्रोग्रॅम पुरतात. मात्र प्रति ग्रॅम ऊतकाचा विचार केला, तर ते सर्वाधिक सापडते थायरॉइडमध्ये. त्याला कारण आहे. संप्रेरक तयार करताना ग्रंथीत हायड्रोजन पेरॉक्साइड वापरले जाते. त्याची झळ पेशींना लागू नये म्हणून जी एन्झाइम काम करतात, त्यांतली काही सेलेनियमवर चालतात. टी-४ चे अधिक क्रियाशील टी-३ मध्ये रूपांतर करणाऱ्या एन्झाइमांनाही ते लागते. तेव्हा कल्पना तर्काला धरून होती.

२००२ मध्ये जर्मनीतील एका चाचणीने तिला बळ दिले. हाशिमोटोच्या रुग्णांना रोज २०० मायक्रोग्रॅम सेलेनियम तीन महिने देण्यात आले आणि अँटी-टीपीओ सरासरी ३६ टक्क्यांनी घटले. बाजारातील थायरॉइडच्या बहुतेक पूरकांवर ‘२०० मायक्रोग्रॅम’ हा आकडा दिसतो, त्याचे मूळ अशाच चाचण्यांत आहे. त्यानंतर अनेक लहान चाचण्या झाल्या. २०२४ मध्ये अशा ३५ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. त्यातही अँटीबॉडी घटल्याचे दिसले. थायरॉक्सिन न घेणाऱ्या रुग्णांत टीएसएच किंचित उतरल्याचेही दिसले. म्हणजे ‘सेलेनियमने अँटीबॉडी कमी होतात’ हे विधान खोटे नाही.

मग बरे वाटते का?

खरा प्रश्न हाच होता, आणि तो नीट विचारायला बराच काळ गेला. २०१३ मध्ये कॉक्रेन या संस्थेच्या आढाव्यात निकषात बसणाऱ्या चारच चाचण्या सापडल्या. त्यांत मिळून ४६३ रुग्ण होते. त्यावरून रुग्णाला सल्ला देण्याइतका भक्कम आधार मिळत नाही, असा निष्कर्ष निघाला. पुढे डेन्मार्कमध्ये ‘कॅटॅलिस्ट’ ही मोठी चाचणी हाती घेण्यात आली. थायरॉक्सिन घेणाऱ्या ४१२ रुग्णांपैकी निम्म्यांना वर्षभर रोज २०० मायक्रोग्रॅम सेलेनियम, तर निम्म्यांना हुबेहूब तशीच दिसणारी, पण औषध नसलेली गोळी मिळाली. कोणाला काय मिळते आहे, हे रुग्णालाही माहीत नव्हते आणि डॉक्टरांनाही. मोजायचा होता तो जगण्याचा दर्जा, म्हणजे थकवा, मनःस्थिती आणि रोजची कामे.

२०२४ मध्ये निकाल आला. दोन्ही गटांतील रुग्णांना आधीपेक्षा बरे वाटत होते आणि दोन्ही गटांतील सुधारणा जवळपास सारखीच होती. ‘मला तर सेलेनियमने फरक पडला’ असे सांगणारी व्यक्ती खोटे बोलत नसते, हे या निकालातून कळते. फरक पडतो, पण तो रिकाम्या गोळीनेही तितकाच पडतो. चाचणीत सहभागी झाल्यावर मिळणारे लक्ष, नियमित तपासण्या, आजाराचे नैसर्गिक चढउतार या सगळ्याचा त्यात वाटा असतो.

गर्भवतींबाबतही असेच घडले. अँटीबॉडी असलेल्या गर्भवतींना सेलेनियम दिल्यास बाळंतपणानंतरचा थायरॉइडचा दाह कमी होतो, असे २००७ मध्ये इटलीतील एका चाचणीत दिसले. तरीही अमेरिकन थायरॉइड असोसिएशनने २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत या महिलांना उपचार म्हणून सेलेनियम देण्याची शिफारस केली नाही.

बुलढाण्यातील केसगळतीशी याचा काय संबंध?

जर्मनी आणि डेन्मार्क या देशांच्या जमिनीत सेलेनियम कमी आहे, तिथल्या धान्यातही ते कमी उतरते. भारतात चित्र एकसारखे नाही. पंजाबात नवाशहर आणि होशियारपूर भागातील काही जमिनींत सेलेनियम इतके जास्त आहे, की तिथल्या गव्हात ते घातक पातळीपर्यंत साठू शकते.

डिसेंबर २०२४ च्या अखेरीस बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्यातील गावांत लोकांचे केस अचानक झडू लागले. काही दिवसांत टक्कल पडत होते. आधी पाण्यावर संशय गेला, मग शाम्पूवर. महाडचे ज्येष्ठ डॉक्टर हिंमतराव बावस्कर यांनी स्वतः नमुने तपासून घेतले. त्यांनी रुग्णांच्या शरीरातील वाढलेल्या सेलेनियमकडे आणि बाहेरून आलेल्या रेशनच्या गव्हाकडे बोट दाखवले.

सेलेनियम जास्त झाल्याची पहिली ठळक लक्षणे म्हणजे केस गळणे, नखे ठिसूळ होऊन त्यांवर पांढरे पट्टे येणे, श्वासाला लसणासारखा वास येणे, मळमळ आणि थकवा. यातील केसगळती आणि थकवा ही हायपोथायरॉइडिझमचीही लक्षणे आहेत. त्यामुळे विचित्र पेच तयार होतो. केस गळतात म्हणून सेलेनियम सुरू केले जाते, केस आणखी गळतात, मग मात्रा अपुरी पडत असेल असे वाटून ती वाढवली जाते. २००८ मध्ये अमेरिकेत एका द्रवरूप पूरकात उत्पादनातील चुकीमुळे लेबलवरील प्रमाणाच्या सुमारे दोनशे पट सेलेनियम पडले. त्यातून २०१ जणांना विषबाधा झाली आणि त्यांच्यातही केसगळती हे प्रमुख लक्षण होते.

एवढे टोक गाठले नाही, तरी रोजचे २०० मायक्रोग्रॅम अगदी निर्धोक मानता येत नाहीत. अमेरिकेत त्वचेच्या कर्करोगासंबंधीच्या एका चाचणीत सुमारे बाराशे जणांना सरासरी साडेसात वर्षांहून अधिक काळ एवढीच मात्रा किंवा रिकामी गोळी देण्यात आली. सेलेनियम घेणाऱ्या गटात ५८ जणांना टाइप-२ मधुमेह झाला, दुसऱ्या गटात ३९ जणांना. ज्यांच्या रक्तात आधीच सेलेनियम भरपूर होते, त्यांच्यात हा धोका जास्त दिसला. युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२३ मध्ये प्रौढांसाठीची कमाल मर्यादा दिवसाला २५५ मायक्रोग्रॅमवर आणली, आणि यात जेवणातून मिळणारे सेलेनियमही धरलेले आहे. २०० ची गोळी घेतल्यावर पोळी, मासे, अंडी यांच्यासाठी फारशी जागा उरत नाही. केसांसाठीच्या गोळीत आणि मल्टिव्हिटॅमिनमध्येही सेलेनियम असते, हे तर अनेकदा लक्षातच येत नाही.

डोळ्यांच्या बाबतीत उत्तर वेगळे का?

सेलेनियमच्या बाजूने एक ठोस निकाल आहे, पण तो हाशिमोटोचा नाही. ग्रेव्ह्ज या आजारात थायरॉइड अतिरेकी काम करते आणि काही रुग्णांचे डोळे लाल होतात, सुजतात, पुढे आल्यासारखे दिसतात. युरोपातील ‘युगोगो’ गटाने असा सौम्य त्रास असलेल्या १५९ रुग्णांवर केलेली चाचणी २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. रोज दोन वेळा १०० मायक्रोग्रॅम सेलेनियम सहा महिने घेणाऱ्यांच्या डोळ्यांचा त्रास कमी झाला आणि तो बळावण्याचे प्रमाणही घटले. त्यामुळे सौम्य आणि नुकत्याच सुरू झालेल्या नेत्रविकारात सहा महिने सेलेनियम द्यावे, असे हा गट सुचवतो.

सहा महिने, सौम्य आणि नुकताच सुरू झालेला त्रास, या तिन्ही अटी महत्त्वाच्या आहेत. शिवाय चाचणी झाली तो युरोप, जिथे सेलेनियम मुळात काठावर आहे. पुरेसे सेलेनियम खाणाऱ्या लोकांत इतकाच फायदा होईल का, हे त्यातून ठरत नाही. डोळा दुखणे, दोन दोन दिसणे, रंग फिके वाटणे अशी लक्षणे असतील, तर गोळीची वाट न पाहता नेत्रतज्ज्ञ गाठायला हवा.

व्हिटॅमिन डी कमी असल्यामुळे थायरॉइड बिघडते का?

हाशिमोटोच्या रुग्णांत व्हिटॅमिन डी कमी आढळते, हे खरे आहे. पण आपल्याकडे ते कोणात कमी आढळत नाही, हाही प्रश्न आहे. दिल्लीतील ६४२ जणांच्या एका पाहणीत तब्बल ८७ टक्के लोकांत व्हिटॅमिन डी अत्यंत कमी होते. एवढ्या मोठ्या वर्गात ज्याला कोणाला थायरॉइडचा आजार असेल, त्याच्या रिपोर्टमध्ये डी कमी दिसणारच. आजारामुळे थकलेली व्यक्ती घराबाहेर, उन्हात कमी जाते आणि त्यानेही ते घटते. कारण कोणते आणि परिणाम कोणता, हे केवळ दोन आकडे शेजारी ठेवून कळत नाही.

त्यासाठी गोळी देऊन पाहावे लागते. अमेरिकेतील ‘व्हायटल’ या चाचणीत २५ हजार ८७१ जण होते. रोज दोन हजार युनिट व्हिटॅमिन डी पाचेक वर्षे घेणाऱ्यांत सर्व ऑटोइम्यून आजार मिळून २२ टक्क्यांनी कमी झाले. समाजमाध्यमांवर फिरणारा आकडा तो हाच. प्रत्यक्ष संख्या पाहिल्या तर एका गटात १२३ नवे रुग्ण, दुसऱ्यात १५५. त्यात संधिवात, सोरायसिस असे अनेक आजार होते. थायरॉइडचे रुग्ण इतके थोडे होते, की त्यांच्याबद्दल वेगळे काही ठामपणे म्हणता येत नाही. शिवाय ही चाचणी आजार टाळण्याविषयी होती, झालेला आजार बरा करण्याविषयी नव्हती.

झालेल्या आजाराबाबत डेन्मार्कमधील ‘डॅगमार’ चाचणी अधिक बोलकी आहे. ग्रेव्ह्जच्या २७८ रुग्णांना औषधांसोबत रोज २८०० युनिट व्हिटॅमिन डी किंवा रिकामी गोळी देण्यात आली. औषधे थांबवल्यावर आजार उलटण्याचे प्रमाण व्हिटॅमिन डी घेणाऱ्यांत कमी झाले नाही. हाशिमोटोत काही लहान चाचण्यांनी अँटीबॉडी घटल्याचे दाखवले आहे, पण रुग्णाला बरे वाटल्याचा किंवा गोळीची मात्रा उतरल्याचा खात्रीचा पुरावा त्यातून मिळत नाही.

तपासणीत कमतरता निघाली, तर हाडे आणि स्नायूंसाठी ती भरून काढावीच, थायरॉइड असो वा नसो. आपल्याकडे बहुधा ६० हजार युनिटची पुडी किंवा कॅप्सूल आठवड्यातून एकदा, साधारण आठ आठवडे दिली जाते. गोंधळ होतो तो इथे. आठवड्याची मात्रा रोज घेतली जाते किंवा आठ आठवडे संपल्यावरही महिनोन्‌महिने सुरू राहते. मग रक्तातील कॅल्शियम वाढते. सतत तहान, वारंवार लघवी, बद्धकोष्ठता, मळमळ आणि गोंधळलेपण ही त्याची लक्षणे आहेत, आणि मूत्रपिंडांना इजा होऊ शकते.

लोहाची गोळी थायरॉइडच्या गोळीला कशी अडवते?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के महिलांना रक्तक्षय आहे. हायपोथायरॉइडिझमही महिलांनाच अधिक होतो आणि त्यात पाळीचा रक्तस्राव वाढू शकतो. त्यामुळे एकाच घरात, एकाच डब्यात थायरॉक्सिन आणि लोह या दोन्ही गोळ्या असणे ही आपल्याकडची नेहमीची गोष्ट आहे.

टीपीओ या एन्झाइमलाही लोह लागते. म्हणून लोह कमी असेल तर ग्रंथीचे काम मंदावते, हे खरे. परंतु लोहाने हाशिमोटोचा हल्ला थांबतो किंवा अँटीबॉडी जातात, याला आधार नाही. आणि जिची बहुतेक गरज बाहेरून घेतलेल्या थायरॉक्सिनवर भागते, तिच्या बाबतीत एन्झाइमचा हा मुद्दा फारसा उरत नाही. लोह द्यायचे ते लोहाच्या कमतरतेसाठी. ती कमतरता थकवा, धाप आणि केसगळती यांना स्वतंत्रपणे कारणीभूत असते. ती ओळखायला केवळ हिमोग्लोबिन पुरत नाही, साठा सांगणारे फेरिटिन पाहावे लागते. फेरिटिन १५ पेक्षा कमी असेल तर साठा संपलेलाच समजतात. बरेच डॉक्टर ३० च्या खालीही उपचार करतात. मात्र शरीरात जंतुसंसर्ग किंवा दाह असताना फेरिटिन फसवे वाढलेले दिसू शकते.

आता अडचण. आतड्यात लोह आणि थायरॉक्सिन एकमेकांना चिकटतात आणि थायरॉक्सिन रक्तात न जाता वाया जाते. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात थायरॉक्सिनवर स्थिर असलेल्या १४ रुग्णांना त्याच गोळीसोबत १२ आठवडे फेरस सल्फेट देण्यात आले. त्यांचे सरासरी टीएसएच १.६ वरून ५.४ वर गेले. थायरॉक्सिनची मात्रा तीच होती.

व्यवहारात हे कसे घडते, त्यासाठी एक प्रातिनिधिक उदाहरण घेऊ. ३८ वर्षांची महिला, रोज ७५ मायक्रोग्रॅम थायरॉक्सिन, टीएसएच २.४. थकव्यामुळे तपासणी होते. हिमोग्लोबिन ९.६ आणि फेरिटिन ८ निघते. लोहाची गोळी सुरू होते. ‘रिकाम्या पोटी घ्या’ असे दोन्ही गोळ्यांबाबत सांगितलेले असते, म्हणून ती सकाळी सहाला दोन्ही एकत्र घेते. तिने सांगितलेले तंतोतंत पाळले आहे. दहा आठवड्यांनी हिमोग्लोबिन ११.४ वर येते, पण टीएसएच ९ वर जाते. ‘थायरॉइड वाढले’ म्हणून गोळी १०० ची होते. काही महिन्यांनी लोहाचा कोर्स संपतो, अडथळा दूर होतो आणि १०० ची पूर्ण मात्रा शरीरात पोहोचू लागते. आता टीएसएच ०.१, छातीत धडधड, हातांना कंप, झोप उडालेली. आजार आधी वाढला नव्हता आणि नंतर उलटलाही नव्हता. बदलले होते ते केवळ गोळ्यांचे वेळापत्रक.

हे ओळखण्याची खूण तारखांत असते. गोळी चुकलेली नाही, वजन बदललेले नाही, गर्भधारणा नाही आणि तरीही स्थिर टीएसएच नवी गोळी सुरू झाल्यापासून सहा ते बारा आठवड्यांत वाढले, तर मात्रा वाढवण्याआधी त्या नव्या गोळीकडे पाहायला हवे. या उदाहरणात ७५ चीच गोळी सकाळी सहाला पाण्यासोबत, नाश्त्यापूर्वी अर्धा ते एक तास, आणि लोह किमान चार तासांनी, म्हणजे अकराच्या सुमारास किंवा संध्याकाळी घेतले असते, तर पुरले असते. कॅल्शियमच्या गोळीलाही हेच चार तासांचे अंतर लागते. लोहासोबत चहा टाळायचा, कारण चहा लोह शोषू देत नाही. लोहाने पोट बिघडत असेल तर एक दिवसाआड गोळी चालेल का, हे डॉक्टरांना विचारता येते. झुरिचमधील अभ्यासात, दिवसाआड घेतल्यास प्रत्येक गोळीतील लोह अधिक प्रमाणात शोषले जाते, असे दिसले आहे.

गर्भवतींसाठी हे वेळापत्रक आणखी कळीचे ठरते. गरोदरपणात थायरॉक्सिनची गरज वाढते आणि त्याच काळात आरोग्य केंद्रातून लोह-फॉलिक अ‍ॅसिडच्या लाल गोळ्या आणि कॅल्शियम सुरू होते. या महिलांनी गोळ्या देणाऱ्या आशाताईंना किंवा परिचारिकेला थायरॉइडची गोळी सुरू असल्याचे सांगितले, तर वेळा तिथेच ठरवता येतात.

दोन-तीन महिने योग्य अंतराने लोह घेऊनही फेरिटिन हलले नाही, तर नवा ब्रँड शोधण्यापेक्षा कारण शोधावे लागते. हाशिमोटोच्या रुग्णांत गव्हातील ग्लुटेन न सोसणारा सिलिअ‍ॅक आजार आणि जठराच्या अस्तरावर हल्ला करणारा ऑटोइम्यून दाह इतरांपेक्षा जास्त आढळतो. दोन्हींत लोह शोषले जात नाही, आणि थायरॉक्सिनही कमी शोषले जाते. अशा रुग्णाची थायरॉक्सिनची मात्रा वजनाच्या मानाने सतत चढत राहते. तेव्हा सिलिअ‍ॅकसाठी रक्ताची तपासणी, बी-१२ ची पातळी आणि गरजेनुसार एंडोस्कोपी असा पुढचा मार्ग असतो.